विक्री वाढली, आता ठरवायचं काय? कृषी केंद्राच्या आकड्यांतून संचालकांसाठी अहवाल

शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेबाच्या किंवा सीईओच्या कामावर नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात हमखास सांगितलं जातं, 'संचालकांच्या बैठकीसाठी विक्रीचा अहवाल काढा.' तो टॅलीतून जुलैची विक्री काढतो, एक्सेलमध्ये टाकतो, खाली बेरीज मारतो आणि दहा पानांच्या प्रती काढतो. बैठकीत सगळे पानं उलटतात, 'विक्री चांगली झाली' असं कुणीतरी म्हणतं आणि विषय चहावर संपतो. त्या दहा पानांतून एकही निर्णय निघत नाही, कारण ती पानं कोणत्या निर्णयासाठी काढली हे काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. उदाहरण म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस भागात असू शकेल असं एक निविष्ठा केंद्र घेऊ. तालुक्याच्या ठिकाणी मुख्य दुकान, एका मोठ्या गावात शाखा, आणि शाखेला लागून नऊ गावं. विकायला बियाणं, खत आणि औषधं. भागात पीक सोयाबीन, पऱ्हाटी आणि तूर. केंद्राचे आकडे समजण्यासाठी रचलेले आहेत, पण त्यांची चाल कुठल्याही कृषी केंद्राच्या वहीत सापडेल अशीच आहे.

आधी प्रश्न लिहून घ्या

एक्सेल उघडण्याआधी अध्यक्षांना किंवा दोन संचालकांना फोन करा आणि विचारा, 'या बैठकीत आपल्याला काय ठरवायचं आहे?' ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातल्या बैठकीपुढे बहुतेक दोन-तीनच गोष्टी असतात. उरलेलं बियाणं कंपनीला परत करायचं का, फवारणीच्या हंगामासाठी औषधांचा किती माल भरायचा, आणि कास्तकारांना उधार किती द्यायचं. आपण तिसरा प्रश्न धरू: ऑगस्ट-सप्टेंबरच्या फवारणीसाठी शाखेतून औषधं उधार द्यायची का, आणि दिली तर कुणाला? हा प्रश्न कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवा. पुढे ज्या आकड्याने या प्रश्नाचं उत्तर हलत नाही, तो आकडा अहवालात घ्यायचा नाही. विक्रीच्या फाइलमध्ये कितीतरी आकडे गोंडस दिसतात, त्यामुळे हे पाळणं वाटतं त्यापेक्षा कठीण जातं.

फाइल साफ करणं

बिलातली प्रत्येक ओळ एका रांगेत हवी. रकाने असे ठेवा: A तारीख, B दुकान, C गाव, D गट (बियाणं, खत, औषध), E मालाचं नाव, F नग, G एकक, H दर, I कर सोडून रक्कम, J रोख की उधार. रक्कम कर सोडूनच घ्यायची. पेरणीच्या बियाण्यावर जीएसटी नाही, खतावर ५ टक्के आणि रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के आहे. करासकट रक्कम धरली तर औषधांची विक्री उगाच फुगलेली दिसते, आणि आपला प्रश्न तर औषधांचाच आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा तारखेत होतो. आपण ५ जून हे 05/06/2025 असं लिहितो. संगणकाची सेटिंग अमेरिकी पद्धतीची असली तर एक्सेल ते ६ मे असं वाचतं. १३ तारखेपासून पुढे मात्र तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेल ती तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून ठेवतं. म्हणजे एकाच महिन्यातले पहिले बारा दिवस भलत्याच महिन्यांत विखुरतात आणि उरलेले दिवस बेरजेत येतच नाहीत. हे ओळखायला दोन सूत्रं पुरतात:

```
=ISNUMBER(A2)
=MAX(A:A)
```

पहिल्याचं उत्तर FALSE आलं तर ती तारीख मजकूर आहे. दुसऱ्याचं उत्तर अजून उजाडायच्या दिवसाचं आलं, समजा ऑगस्टमध्ये बसून डिसेंबर दिसला, तर दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली आहे. अदलाबदल झालेल्या तारखा हाताने दुरुस्त करत बसू नका. फाइल पुन्हा आयात करा आणि आयात करतानाच तारखेच्या रकान्याला DMY निवडा.

गावांची आणि मालाची नावं एकसारखी करा. एकच गाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, आणि गावनिहाय उधारी काढताना त्याची तीन गावं होतात. गावांची आणि मालाची यादी एका वेगळ्या पानावर ठेवून बिल करणाऱ्याला त्यातूनच निवडायला लावलं, तर पुढच्या महिन्यापासून हे काम उरत नाही. सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या मोजून तुलना करू नका. कुणाची पिशवी ३० किलोची असते, कुणाची त्याहून हलकी. किलोत बदलून घ्या.

परत आलेला माल, म्हणजे क्रेडिट नोट, वजा झाला की नाही हेही बघा. शेवटच्या दोन दिवसांची बिलं गर्दीमुळे ऑगस्टमध्ये फाडली गेली असतील तर ती जुलैतच धरा, नाहीतर दोन्ही महिन्यांचं चित्र बिघडतं.

आता ताळा. अशी जुलैत सरकवलेली बिलं सोडली तर तुमच्या फाइलची बेरीज टॅलीतल्या विक्रीशी रुपयापर्यंत जुळली पाहिजे. मग मालाचा ताळा घ्या: सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा विक्री, वजा कंपनीला परत गेलेला माल, इतका माल गोदामात दिसायला हवा. अनुदानित खत पॉस मशीनवर अंगठा घेऊन विकलं जातं, त्यामुळे खताचा तिसरा ताळाही हाताशी आहे. पॉसमधला साठा आणि गोदामातल्या बॅगा जुळत नसतील तर अहवाल तिथेच थांबवा आणि आधी तो फरक शोधा. बैठकीत एखाद्या संचालकाला एक आकडा चुकीचा सापडला की उरलेल्या सगळ्या आकड्यांवरचा त्याचा विश्वास उडतो.

जुलैची तुलना कशाशी करायची

आपल्या केंद्राची दोन्ही दुकानं मिळून मागच्या वर्षी जूनमध्ये ५० लाख आणि जुलैमध्ये ३० लाखांची विक्री होती. या वर्षी जूनमध्ये ३४ लाख आणि जुलैमध्ये ५१.१ लाख. नवा माणूस लिहितो, 'जुलैची विक्री मागच्या जुलैपेक्षा ७० टक्क्यांनी वाढली.' हिशेब बरोबर आहे, अर्थ मात्र चुकीचा आहे. उदाहरणात या वर्षी पाऊस उशिरा आला असं धरलं आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. विदर्भात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो, म्हणजे तो आठवडाभर लांबला की पेरणीचा मोठा भाग जूनमधून जुलैमध्ये सरकतो. विक्री वाढलेली नसते, पुढे ढकललेली असते.

म्हणून शेतीच्या धंद्यात महिन्याला महिना लावू नका. १ जूनपासून आजपर्यंतची हंगामाची बेरीज घ्या आणि मागच्या वर्षीच्या त्याच दिवसांशी ताडून बघा:

```
=SUMIFS(I:I,A:A,">="&DATE(2025,6,1),A:A,"<="&DATE(2025,7,31))
```

तारखांत वेळही नोंदलेली असेल तर ३१ जुलैची बिलं या सूत्रात सुटतात. अशा वेळी दुसरी अट `"<"&DATE(2025,8,1)` अशी लिहा. हंगामाच्या बेरजेने ८० लाखांचे ८५.१ लाख दिसतात, म्हणजे वाढ सहा टक्क्यांच्या थोडी वर. सत्तर टक्के वाढ समजून ज्याने ऑगस्टचा माल भरला असता, त्याचं गोदाम सप्टेंबरअखेर न खपलेल्या औषधांनी भरलेलं असतं.

वाढ भावाची की नगांची

रुपयांतली वाढ दोन वाटांनी येते, एक तर नग जास्त खपतात किंवा भाव चढतो. बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं. बीजी-२ चं पाकीट २०२४ च्या खरिपात ८६४ रुपयांना होतं, २०२५ ला ९०१ रुपये झालं. आपल्या केंद्राने आधी १,२०० पाकिटं विकली, नंतर १,१७०. विक्री १०,३६,८०० वरून १०,५४,१७० झाली, म्हणजे १७,३७० रुपयांनी वाढली. आता फोड करा. भावामुळे आलेली वाढ ३७ गुणिले १,१७०, म्हणजे ४३,२९०. नग कमी झाल्याने गेलेले ३० गुणिले ८६४, म्हणजे २५,९२०. दोन्हीतला फरक बरोबर १७,३७०. दुकानाने तीस पाकिटांचं गिऱ्हाईक गमावलं आणि अहवालात 'वाढ' दिसली. ती गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात गेली की पऱ्हाटी सोडून सोयाबीनकडे वळली, हे या आकड्यांतून कळत नाही. सोयाबीन बियाण्याचे किलो वाढले असतील तर दुसरी शक्यता बळावते, तेवढंच.

ही फोड प्रत्येक मालाची करू नका. ज्या चार-पाच वस्तूंतून निम्मी विक्री येते, त्यांची पुरे.

शाखेची वीस टक्के वाढ

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन महिन्यांच्या बेरजेत मुख्य दुकान ६२ लाखांवरून ६३.५ लाखांवर गेलं आणि शाखा १८ लाखांवरून २१.६ लाखांवर, म्हणजे थेट वीस टक्के वाढ. बैठकीत शाखेतल्या मुलाचं कौतुक होईल. तुम्ही मात्र गटवार फोड करा:

| शाखा, जून-जुलै (लाख रुपये) | मागचं वर्ष | हे वर्ष |
|---|---|---|
| बियाणं | ७.० | ७.१ |
| खत | ७.४ | ७.३ |
| औषधं, रोख | २.५ | २.२ |
| औषधं, उधार | १.१ | ५.० |
| एकूण | १८.० | २१.६ |

औषधांच्या ओळीचे रोख आणि उधार असे दोन भाग केले, तिथेच अहवाल जिवंत झाला. बियाणं आणि खत जागच्या जागी आहे, रोखीची औषधं कमी झालीत, आणि सगळी वाढ उधारीच्या ओळीत आहे. असं का झालं हेही शोधलं पाहिजे. बहुतेक वेळा उत्तर दुकानाच्याच नियमांत असतं. शाखेतल्या मुलाला विक्रीच्या रकमेवर बक्षीस असेल आणि औषध कंपनीची उलाढालीवरची सूट जुलैअखेर संपत असेल, तर तो उधार देऊन माल हलवणारच. त्यात त्याचा खोटेपणा नाही. ज्यावर बक्षीस ठेवलं, ते त्याने वाढवून दिलं.

उधारी वाईट म्हणून अहवालात लाल रंग भरायची घाई करू नका. इथला कास्तकार जुलैमध्ये रोख आणणार कुठून? पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन बाजार समितीत गेल्यावर येतो, मग कापसाचा, आणि फेब्रुवारीपर्यंत तुरीचा. म्हणून शहरी कंपन्यांसारखे ३०, ६० आणि ९० दिवसांचे रकाने इथे फसवे ठरतात. जुलैची उधारी ऑक्टोबरमध्ये ९० दिवसांची झाली तरी ती थकलेली नसते, तिची वेळच आलेली नसते. इथे उधारीचं वय हंगामात मोजायचं. या खरिपाची उधारी एका रकान्यात, मागच्या खरिपाची शिल्लक दुसऱ्यात, त्याआधीची तिसऱ्यात. तूरही विकून झाली, मार्च उलटला, नवी पेरणी झाली आणि तरी जे खातं उभं आहे, त्याला थकबाकी म्हणा.

मग उधारी परवडते कधी? शंभर रुपयांच्या औषधामागे या केंद्राला सरासरी १४ रुपये सुटतात असं धरू, म्हणजे खरेदीचे ८६ रुपये अडकतात. ते बँकेच्या कॅश क्रेडिटमधून आले आणि व्याज वर्षाला १२ टक्के असेल, तर सहा महिन्यांचं व्याज पाच रुपयांच्या आसपास जातं. उरले नऊ. याचा अर्थ, उधार दिलेल्या शंभरातले साधारण नऊ रुपये बुडेपर्यंत व्यवहार तोट्यात जात नाही. तुमच्या केंद्राचा १४ आणि १२ हा आकडा वेगळा असेल, तो खरेदीच्या बिलावरून आणि बँकेच्या पत्रावरून घ्या. कंपनीची सूट हातात क्रेडिट नोट आल्याशिवाय नफ्यात धरू नका.

आता मागच्या खरिपाची वही. शाखेने पूर्ण हंगामात औषधं उधार दिली ४ लाखांची, आणि ३१ जुलैला त्यातले ६० हजार येणं बाकी आहे. शंभरात १५. नऊच्या वर गेलं, म्हणजे उधारी बंद करा, असा निष्कर्ष काढायला जीभ शिवशिवते. इथे थांबून आणखी एक फोड करा, गावांची. नऊपैकी दोन गावांना मिळून १ लाख १० हजारांची उधारी गेली होती आणि त्यातले ४१ हजार बाकी आहेत, शंभरात ३७. उरलेल्या सात गावांना २ लाख ९० हजार गेले होते, बाकी १९ हजार, शंभरात साडेसहा. सात गावांत उधारी परवडते आहे. सरसकट बंद केली तर वेळेवर पैसे देणारे कास्तकार शेजारच्या दुकानात जातील आणि बियाणं-खतही तिथूनच नेतील.

त्या दोन गावांबद्दल आकडे इथवरच बोलतात. पुढचं कळायला फोन करावा लागतो किंवा जावं लागतं. सोयाबीन कापणीच्या वेळी तिथे पाऊस झोडपून गेला आणि गंजीतच शेंगा काळ्या पडल्या असतील, तर ती थकबाकी एका वर्षाच्या आपत्तीची आहे आणि त्या माणसांना हप्ते पाडून देता येतात. पीक चांगलं होऊन माल विकला आणि पैसे दुसऱ्याच दुकानाला गेले असतील, तर प्रकरण वेगळं. अहवालात दोन्हींपैकी काय आहे ते एका वाक्यात लिहा, आणि ते कुणी जाऊन पाहिलं तेही. कास्तकारांची नावं मात्र बैठकीच्या कागदावर छापू नका. गावात कागद फिरतो, आणि माणसाची पत त्याच्याबरोबर जाते. खात्यांची यादी सीईओकडे वेगळी ठेवा.

कागद एकच, आणि निर्णय वर

अहवाल एका पानाचा ठेवा. पहिल्या ओळींत शिफारस हवी, कारण बैठकीत सगळ्यांचं लक्ष पहिल्या पाच मिनिटांतच असतं. आपल्या उदाहरणात ती अशी लिहिता येईल:

'संचालक मंडळाने ठरवावं: (१) शाखेतून औषधांची नवी उधारी फक्त मागच्या खरिपाचं खातं पूर्ण झालेल्या सभासदांना द्यावी. (२) दोन गावांत या हंगामात रोख विक्रीच करावी. पिकाचं नुकसान झालेल्यांना जुन्या बाकीचे हप्ते पाडून द्यावेत. (३) शाखेतलं बक्षीस विक्रीऐवजी वसूल झालेल्या रकमेवर द्यावं. कारण: शाखेची ३.६ लाखांची वाढ औषधांच्या उधारीतूनच आली आहे. उधारीत शंभरात नऊपर्यंत बुडीत सोसते. दोन गावांत ३७ बाकी आहे, इतर सात गावांत साडेसहा.'

त्याखाली वरचा तक्ता आणि उधारीची गावनिहाय फोड. आलेख हवाच असेल तर एकच, १ जूनपासून चढत जाणाऱ्या विक्रीच्या दोन रेघा, मागच्या वर्षाची आणि या वर्षाची. पाऊस लांबल्याने विक्री कशी सरकली हे त्यात न सांगता दिसतं. गोल चकत्यांचे रंगीत आलेख टाळा, त्यांतून मागच्या वर्षीशी तुलना होत नाही.

शेवटच्या भागात या अहवालाची मर्यादा लिहा. इथे ती अशी आहे: शंभरात १५ ही बाकी आहे, अजून बुडालेली नाही, त्यातली काही रक्कम या सोयाबीनवर येऊ शकते. आणि सात गावांना या वर्षी उधारी मागच्यापेक्षा कितीतरी जास्त गेली आहे, त्यामुळे मागची साडेसहाची बाकी या वर्षीही तशीच राहील असं धरता येत नाही. हे वाक्य वाचून एखादा संचालक विचारेल, 'मग सात गावांनाही प्रत्येकी कमाल रक्कम ठरवायची का?' हा प्रश्न बैठकीत निघायलाच हवा. म्हणून कागद नेण्याआधी प्रति सभासद पाच हजार आणि दहा हजार अशा दोन मर्यादा धरून, प्रत्येकीत किती खाती बसतात ते मोजून ठेवा.

सप्टेंबरच्या अहवालात सगळ्यात वर ऑगस्टचा निर्णय लिहा आणि त्याच्यासमोर तीन आकडे: जुनं खातं थकलेल्यांना ठरल्याविरुद्ध किती उधार गेलं, दोन गावांत रोख विक्री किती झाली, जुन्या बाकीतले किती हजार आले. वसुलीचा खरा निकाल मात्र दिवाळीनंतरच दिसेल, म्हणून ३० नोव्हेंबर आणि ३१ मार्च या दोन तारखा आताच इतिवृत्तात घालून घ्या. प्रत्येक महिन्याची साफ केलेली फाइल त्या महिन्याच्या नावाने वेगळी जपा आणि तिच्यात नंतर हात घालू नका. मार्चमध्ये कुणी विचारलं की ऑगस्टला आपण कशाच्या जोरावर ठरवलं होतं, तर तीच फाइल उघडून दाखवता येते.